दोन स्टेजच्या कॉम्प्रेसरमध्ये मधला दाब किती असावा: हिशेब आणि मशीनवरची तपासणी

वाळूज, चिकलठाणा किंवा जालन्याच्या एमआयडीसीत पत्र्याच्या शेडमध्ये नवीन रुजू झालेल्या मुलाकडे पहिल्या आठवड्यात हमखास येणारं मशीन म्हणजे दोन स्टेजचा पिस्टन कॉम्प्रेसर. एक मोठा सिलिंडर, एक लहान, दोघांना जोडणारी पात्यांची म्हणजे फिनची नळी, आणि खाली टाकी. मोठा तो एलपी, म्हणजे कमी दाबाचा, लहान तो एचपी, म्हणजे जास्त दाबाचा, आणि फिनची नळी म्हणजे इंटरकूलर. तीन सिलिंडर दिसले तर बऱ्याचदा त्यांतले दोन एलपी आणि एक एचपी असतो.

या लेखात एकच प्रश्न घेतला आहे. एलपीने हवा किती दाबापर्यंत न्यावी आणि पुढचं काम एचपीकडे कधी सोपवावं? याचं सूत्र परीक्षेसाठी सगळे पाठ करतात, पण ते असं का आहे हे समजलं की तेच सूत्र मशीनवर दोष शोधायलाही उपयोगी पडतं. म्हणून आधी कागदावर, मग मशीनपाशी.

आधी गेजचे आकडे बाजूला ठेवा

टाकीवरचं गेज बाहेरच्या हवेपेक्षा दाब किती जास्त आहे ते दाखवतं. आपल्या हिशेबाला मात्र निरपेक्ष दाब लागतो, म्हणजे गेजच्या आकड्यात बाहेरच्या हवेचा दाब मिळवायचा. पुस्तकात बाहेरचा दाब १.०१ बार धरलेला असतो, पण तो समुद्रकिनाऱ्याचा. छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटर उंच आहे, त्यामुळे इथे तो ०.९५ बारच्या आसपास भरतो. आपण ०.९५ च धरू.

समजा कॉम्प्रेसर टाकीत ७.६ बार भरून थांबतो. निरपेक्ष दाब झाला ७.६ अधिक ०.९५, म्हणजे ८.५५ बार. हवा ०.९५ वरून ८.५५ वर न्यायची, म्हणजे बरोबर नऊ पट. यापुढे बारपेक्षा या पटीकडेच लक्ष ठेवा, कारण हवा दाबायला किती काम लागेल ते दोनच गोष्टींवर ठरतं: आत येणाऱ्या हवेचं तापमान आणि दाबाची पट. १ बारचे ३ बार करायला जेवढं काम लागतं, तेवढंच त्याच तापमानाच्या ३ बारचे ९ बार करायला लागतं, हवेचं वजन तेवढंच असेल तर.

एकाच सिलिंडरने काम केलं तर

मे महिन्यातली दुपार धरू, आत येणारी हवा ४० अंश, म्हणजे ३१३ केल्विन. एक किलो हवेसाठी लागणाऱ्या कामाचं सूत्र असं:

```
W = n/(n-1) × R × T1 × [ r^((n-1)/n) - 1 ]
T2 = T1 × r^((n-1)/n)
```

यात `r` ही दाबाची पट, `R` हवेसाठी ०.२८७, आणि `n` आपण १.३ घेऊ. सिलिंडरच्या भिंतीतून थोडी उष्णता निघून जाते, म्हणून १.४ न घेता १.३. या आकड्यांनी कंसाबाहेरचा भाग ३८९ येतो आणि घातांक ०.२३१.

नऊची पट घातली की काम २५७ किलोज्यूल येतं आणि बाहेर पडणाऱ्या हवेचं तापमान ५२० केल्विन, म्हणजे २४७ अंश सेल्सिअस. खऱ्या मशीनमध्ये आकडा थोडा इकडेतिकडे होईल, पण या तापमानाच्या आसपास सिलिंडरमधलं तेल जळून व्हॉल्व्हच्या पातळ पट्ट्यांवर काजळी धरते, पट्ट्या नीट बसत नाहीत, हवा मागे गळते आणि तापमान आणखी चढतं. दोन स्टेज करण्यामागे वीज हे एक कारण आहे, व्हॉल्व्ह वाचवणं हे दुसरं.

आता हवा दाबताना अजिबात तापू दिली नाही, ४० अंशांवरच ठेवली, अशी कल्पना करा. तेव्हा काम फक्त १९७ किलोज्यूल लागेल. २५७ आणि १९७ मधले हे ६० किलोज्यूल हवा तापली म्हणून लागले. प्रत्यक्षात हवा क्षणोक्षणी थंड करत दाबणं जमत नाही, कारण पिस्टनचा एक फेरा सेकंदाच्या छोट्या भागात संपतो आणि उष्णता बाहेर पडायला वेळच मिळत नाही. म्हणून मध्ये थांबून, हवा सिलिंडरबाहेर काढून, नळीतून फिरवून थंड करायची आणि मग उरलेलं काम करायचं.

कुठे थांबायचं

नवखा माणूस बहुधा सरळ निम्मं करतो: टाकीत ७.६ बार, मग मध्ये ३.८ बार. करून बघू. गेजवर ३.८ म्हणजे निरपेक्ष ४.७५. एलपीची पट झाली पाच आणि एचपीची १.८. इंटरकूलरने हवा पुन्हा पुरती ४० अंशांवर आणली असं धरू. एकूण काम येतं २३२ किलोज्यूल. एका स्टेजपेक्षा बरंच कमी, पण दोन्ही सिलिंडरांतून बाहेर पडणाऱ्या हवेचं तापमान बघा: एलपीतून १८१ अंश, एचपीतून ८५ अंश.

या फरकातच आपलं उत्तर आहे. हवेचा दाब एक टक्क्याने वाढवायला किती काम लागतं? त्या क्षणी हवेचं जे तापमान असेल, ते गुणिले `R`, गुणिले एक टक्का. म्हणजे हवा जितकी गरम, तितका तो एक टक्का महाग. वर सांगितलेल्या सूत्रातलं काम म्हणजे अशा असंख्य छोट्या टक्क्यांचीच बेरीज आहे.

एलपीचा शेवटचा एक टक्का १८१ अंशांना, म्हणजे ४५४ केल्विनला होतो, त्याला १.३० किलोज्यूल लागतात. तोच एक टक्का एलपीकडून काढून एचपीला दिला तर? एचपीची सुरुवात नेहमी ४० अंशांवरूनच होते, त्यामुळे तिची पट एक टक्क्याने वाढवणं म्हणजे तिच्या शेवटाला एक टक्का जोडणं. तिचा शेवट ८५ अंशांवर, म्हणजे ३५८ केल्विनवर आहे, तिथे तो टक्का १.०३ किलोज्यूलमध्ये होतो. एका टक्क्यामागे ०.२७ किलोज्यूल वाचले. मग दुसराही टक्का द्या, तिसराही द्या. जसजसं देत जाल तसा एलपीचा शेवट थंड होत जातो आणि एचपीचा शेवट तापत जातो, म्हणून प्रत्येक वेळची बचत आधीपेक्षा थोडी कमी. दोघांचे शेवट सारखे तापले की पुढे देण्यात काही हाशील उरत नाही. त्याहून जास्त दिलं तर तोटा सुरू होतो.

म्हणजे नियम असा: दोन्ही सिलिंडरांतून बाहेर पडणारी हवा सारखीच गरम असेल, तोच मधला दाब सगळ्यात कमी कामाचा. हा नियम मनात पक्का बसवा, पाठ केलेलं सूत्र यातूनच निघतं. दोघांची सुरुवात ४० अंशांवर आणि शेवटही सारखा, तर दोघांची पट सारखीच हवी. दोन सारख्या पटींचा गुणाकार नऊ, म्हणून प्रत्येकी तीन. मधला दाब ०.९५ गुणिले तीन, म्हणजे २.८५ बार निरपेक्ष, गेजवर १.९ बार. हेच सूत्रात लिहिलं की:

```
pm = √(p1 × p2)
```

काम आता प्रत्येकी ११२, एकूण २२५ किलोज्यूल. दोन्ही सिलिंडरांतून हवा १३० अंशांवर बाहेर पडते. २५७ वरून २२५, म्हणजे साडेबारा टक्क्यांच्या वर बचत. मशीन मिनिटाला एक घनमीटर हवा ओढत असेल तर हा फरक सुमारे ०.५७ किलोवॅटचा होतो, दहा तास चालल्यास पावणेसहा युनिट. हे फक्त हवा दाबण्याचं काम आहे; बेल्ट, बेअरिंग आणि मोटरचं नुकसान धरलं की मीटरवर आकडे याहून मोठे दिसतात.

तिसरी स्टेज जोडली तर काम २१५ पर्यंत उतरतं. दुसऱ्या स्टेजने ३२ किलोज्यूल वाचवले, तिसरी जेमतेम १० वाचवते, आणि त्यासाठी आणखी एक सिलिंडर, आणखी एक कूलर, आणखी व्हॉल्व्ह. म्हणून आठ बारच्या मशीनमध्ये दोनच स्टेज दिसतात. पाण्याच्या बाटल्या फुगवण्यासाठी चाळीस बारच्या आसपास हवा लागते, तिथे मात्र तिसरी स्टेज आपली किंमत वसूल करते.

थोडं चुकलं तर किती बिघडतं

फारसं नाही. गेजवर १.९ ऐवजी २.८५ आलं, म्हणजे पटी चार आणि सव्वादोन झाल्या, तरी काम २२५ वरून २२७ होतं, जेमतेम एक टक्का जास्त. या हिशेबाचा आलेख उथळ बशीसारखा आहे, तळाजवळ बराच सपाट. त्यामुळे गेजचा काटा बरोबर १.९ वर का नाही म्हणून हैराण होऊ नका. बशीच्या काठाकडे गेलात तर मात्र चढ जाणवतो: पटी सहा आणि दीड झाल्या की साधारण सहा टक्के काम वाया.

खरी झळ बसते ती इंटरकूलर नीट थंड करत नसेल तेव्हा. आतापर्यंत आपण हवा पुन्हा ४० अंशांवर येते असं धरलं. हवेने थंड होणाऱ्या कूलरमध्ये ती बाहेरच्या तापमानापेक्षा थोडी जास्तच राहते. आता फिनवर तेल आणि धुळीचा थर बसला आहे आणि एचपीत जाणारी हवा ६० अंशांची आहे असं समजा. काम २३२ च्या जवळ जातं, तीन टक्के वाढलं. मधला दाब कितीही अचूक ठेवा, हे तीन टक्के परत येत नाहीत. ६० अंशांसाठी सर्वांत चांगला मधला दाब गेजवर २.३ बार येतो (पुन्हा तोच नियम, दोन्ही शेवट सारखे गरम), पण तो साधूनही अर्ध्या किलोज्यूलपेक्षा कमीच वाचतं. म्हणून माझं सांगणं असं की हातात एक तास असेल तर तो फिन साफ करण्यात घाला.

मशीनवर मधला दाब ठरवतो कोण

मधल्या दाबासाठी मशीनवर कुठलाही नॉब नसतो. तो सिलिंडरांच्या मापांतून ठरतो. एलपी प्रत्येक फेऱ्यात जेवढी हवा पाठवतो, तेवढीच एचपीने ओढून घ्यायला हवी. एचपी लहान आहे, त्यामुळे हवा तेवढीच दाट झाल्याशिवाय त्यात मावणार नाही. इंटरकूलरमध्ये हवा साचत जाते, दाब चढत जातो आणि दोन्हींचा मेळ बसतो तिथे थांबतो. हवा पुरती थंड होत असेल तर एलपीचं आकारमान एचपीच्या जितकं पट, तितकीच पट मधल्या दाबाची. आपल्या उदाहरणात तीन पट. स्ट्रोक सारखा असेल तर बोअरचं प्रमाण सुमारे १.७३, म्हणजे १०० मिलिमीटरच्या एलपीपुढे ५८ च्या जवळपासचा एचपी. खऱ्या मशीनमध्ये पिस्टनच्या डोक्यावर उरणाऱ्या जागेमुळे यात थोडा फरक पडतो.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, टाकीत दाब ३ बार असो की ७.६, मधला दाब जवळपास तोच राहतो. मशीन ज्या दाबासाठी बनवलं आहे तिथेच काम सारखं वाटलं जातं. टाकी अर्धी भरलेली असताना एलपी जास्त राबतो आणि एचपीला फारसं काही करावं लागत नाही. हा दोष नाही. दोन, टाकी भरत आलेली असताना मधला दाब नेहमीपेक्षा हलला, तर मशीनमध्ये काहीतरी हललं आहे.

तपासणी कशी करायची

इंटरकूलरवर गेज नसेल तर बऱ्याच मशीनवर त्यासाठी प्लग लावलेलं तोंड असतं. तो काढण्याआधी मेन स्विच बंद करून कुलूप लावा, टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा आणि इंटरकूलरमधला दाब पूर्ण उतरवा. गेज बसवल्यावर मशीन लोडवर चालू द्या, टाकी वरच्या दाबाजवळ पोहोचली आणि मशीन नीट तापलं की वाचन घ्या. काटा थोडा थरथरणारच, मधला आकडा धरा. सोबत दोन्ही सिलिंडरांच्या बाहेर पडणाऱ्या नळ्यांचं आणि एचपीत जाणाऱ्या नळीचं तापमान घ्या. चकचकीत तांब्याच्या नळीवर इन्फ्रारेड मापक फार कमी आकडा दाखवतं, म्हणून त्या जागी काळी टेप चिकटवा. टेप तेवढं तापमान सोसणारी हवी. मशीन नवं किंवा नुकतंच दुरुस्त झालेलं असताना घेतलेले आकडे हेच तुमचं माप. ते शेडच्या भिंतीवर लिहून ठेवा, तारखेसकट.

पुढे कधी मधला दाब चढलेला दिसला तर आधी एचपीकडे बघा. एचपीचा सक्शन व्हॉल्व्ह गळत असेल तर दाबलेली हवा इंटरकूलरमध्ये परत ढकलली जाते. एचपीचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह गळत असेल तर टाकीकडची हवा सिलिंडरमध्ये मागे येते आणि नव्या हवेला जागा उरत नाही. दोन्हीकडून इंटरकूलरमध्ये गर्दी होते, काही वेळा तिथला सेफ्टी व्हॉल्व्ह फुसकारायला लागतो. तो व्हॉल्व्ह आवळून गप्प करू नका. काटा नेहमीपेक्षा खूप जास्त नाचत असेल तर सक्शन व्हॉल्व्हचा संशय अधिक.

मधला दाब उतरलेला असेल तर दोष एलपीकडे. एअर फिल्टर तुंबला असेल, एलपीचा सक्शन व्हॉल्व्ह गळत असेल, किंवा डिलिव्हरी व्हॉल्व्ह गळून इंटरकूलरमधली हवा एलपीत परत येत असेल. सक्शन व्हॉल्व्ह ओळखणं सोपं आहे: फिल्टरच्या तोंडाशी हात धरा, हवा आत ओढली जाण्याऐवजी अधूनमधून हातावर परत फेकली जात असेल तर तोच. इंटरकूलरच्या जोडांवर साबणाचं पाणीही लावून बघा, बाहेर गळणारी हवासुद्धा दाब उतरवते.

तिसरी स्थिती अशी की मधला दाब थोडासाच वाढलेला, आपल्या उदाहरणात १.९ ऐवजी २.१, पण एचपीची नळी एलपीपेक्षा स्पष्ट गरम. हिशेब आठवा: एचपीत ६० अंशांची हवा गेली तर एलपीचा शेवट १३६ अंशांवर आणि एचपीचा १५० वर येतो. दाबात फक्त ०.२ बारचा फरक, जो साध्या गेजवर नजरेतून सुटतो, आणि तापमानात १४ अंशांचा. हा मळलेला इंटरकूलर. फिन साफ करा, फ्लायव्हीलचा पंखा उलट फिरत नाही ना ते बघा (मोटरचे फेज बदलले की असं होतं, आणि मशीन तरीही हवा भरत राहतं), आणि मशीन भिंतीला चिकटवून ठेवलं असेल तर पुढे ओढा.

इंटरकूलरमधलं पाणी

हवा दाबून थंड केली की तिच्यातली वाफ पाणी होऊ शकते, आणि आपल्याकडे हा प्रश्न ऋतूप्रमाणे पूर्ण बदलतो. मे महिन्यात ४० अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर वाफेचा दाब ११ मिलिबार. तिप्पट दाबल्यावर ३३. इंटरकूलरमध्ये ४० अंशांनाही हवा ७४ मिलिबारपर्यंत वाफ धरून ठेवू शकते, म्हणून तिथे थेंबही पडत नाही. ड्रेन कॉक उघडला आणि काही आलं नाही म्हणून तो चोंदला असं समजू नका.

जुलैत मात्र ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता असली की वाफ ३४ मिलिबार, तिप्पट केल्यावर १०२. कूलरमधून हवा ४० अंशांवर बाहेर पडत असेल तर ७४ च्या वरचं सगळं पाणी होऊन पडतं. मिनिटाला एक घनमीटर ओढणाऱ्या मशीनमध्ये हे तासाला सुमारे ४०० ग्रॅम भरतं. ते काढलं नाही तर हवेबरोबर एचपीत जातं, सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन काढतं आणि व्हॉल्व्हच्या पट्ट्यांवर आदळतं. इंटरकूलरला ड्रेन कॉक असेल तर पावसाळ्यात तो पाळीत दोनतीनदा उघडावा. मशीन बराच वेळ बंद राहिल्यावर चालू करण्याआधी तर नक्कीच, कारण तोपर्यंत नळी पूर्ण गार झालेली असते आणि आत उरलेली वाफही तळाशी पाणी होऊन साचलेली असते.